जचकीनंतर बायको कूस बदलून का झोपते?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय 33, शेती करतो. लग्नाला सात वर्षं झाली. दुसरं बाळ आठ महिन्यांचं आहे, बायको अंगावर पाजते. माहेरून आली तेव्हापासून आम्ही दोन-तीनदाच जवळ आलो, तेही तिच्या मनाविरुद्ध वाटलं. आता नुसता हात लावला तरी ती आक्रसते आणि कूस बदलते. भांडण काहीच नाही, दिवसभर नीट बोलते. विचारलं तर "काही नाही" म्हणते. मी जबरदस्ती करणारा माणूस नाही, पण माझं काय चुकलं ते कळत नाही. हे आता असंच राहणार का?

उत्तर:

भाऊ, तुमच्या लिहिण्यातला 'आक्रसते' हा शब्द मी दोनदा वाचला. वीस-बावीस वर्षं मी आपल्याच भागात बायकांच्या जचक्या करते, आधी ग्रामीण रुग्णालयात आणि आता तालुक्याच्या गावी स्वतःच्या छोट्या दवाखान्यात. मन उडालेली बाई पडून राहते, रागावलेली हात झटकते. हात लागताच जिचं अंग आपोआप आखडतं, तिच्या बाबतीत माझा पहिला संशय दुखण्यावर जातो. तुमच्या बायकोला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हा संशयच आहे. जचकी साधी झाली की सिझर, टाके पडले का, तिची पाळी परत सुरू झाली का, घरात कोण कुठं झोपतं, यातलं काहीच मला माहीत नाही. पण आठ महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ आणि आखडणारं अंग, एवढ्या दोन गोष्टींवरून मी जिथून सुरुवात करीन तेच तुम्हाला सांगते.

दूध पाजत असताना बाईच्या अंगात काय होतं, हे आपल्याकडे नवऱ्याला तर सोडाच, बाईलाही कोणी सांगत नाही. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. ते अंडाशयाला झोपवून ठेवतं, म्हणून पाळी येत नाही. अंडाशय झोपलं की इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरकही खाली जातं. योनीच्या आतलं अस्तर जाड, ओलसर आणि लवचिक राहतं ते या इस्ट्रोजेनमुळे. ते कमी झालं की अस्तर पातळ होतं आणि कोरडं पडतं. पाळी कायमची गेलेल्या पन्नाशीच्या बाईचं जसं होतं, अगदी तसंच. म्हणजे बाई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, आणि तेवढा एक भाग पन्नाशी ओलांडलेल्या बाईसारखा. अशा वेळी संबंध आला की आत खरचटल्यासारखं होतं, आग होते, नंतर लघवीला जळजळतं. मनात इच्छा असली तरी ओलावा येत नाही, कारण तो मनावर जेवढा अवलंबून आहे तेवढाच या संप्रेरकावरही आहे. "माझ्याबद्दल ओढ राहिली नाही म्हणून ती कोरडी राहते," असं खूप नवरे मनाशी धरून बसतात. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत हा अर्थ काढूच नये. सिझर झालेल्या बाईलाही हा कोरडेपणा चुकत नाही. तो जचकीच्या वाटेमुळे येत नाही, दुधामुळे येतो.

दुसरं कारण टाक्यांचं. साध्या जचकीत बाळ बाहेर येताना जागा पुरावी म्हणून कधी छेद देतात, कधी ती आपोआप फाटते, आणि मग टाके घालतात. वरची जखम सहा आठवड्यांत भरते. पण आतला वण काही जणींचा महिनोन्‌महिने दुखरा राहतो. बसताना काही जाणवत नाही, डवरणी-निंदणी सगळं करते, पण त्या एका बिंदूवर दाब आला की कळ निघते. कधी वणाच्या टोकाशी लालसर, हळवं मांस वाढलेलं असतं. त्यावर दवाखान्यात पाच मिनिटांचा उपचार आहे, पण त्यासाठी कोणीतरी बघावं तर लागेल.

आणि बघतं कोण? दीड महिन्यानं बाळाची लस असते. त्या दिवशी बाळाचं वजन होतं, कार्ड भरलं जातं, ताप आला तर काय द्यायचं ते सांगितलं जातं. बाईला "दूध येते ना?" एवढं विचारतात आणि घरी पाठवतात. बाळ जन्मल्यापासून 42 दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येते, पण ती टाके तपासू शकत नाही आणि सासूपुढे हे विचारूही शकत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांचा अभ्यास केला होता, तो 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 92 टक्के बायकांना अंगावरचा काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. त्या अभ्यासाला बरीच वर्षं झाली, जचक्या आता दवाखान्यात होतात. पण हे दुखणं सांगायचं नसतं, ही रीत काही मोडली नाही.

आता तिसरी गोष्ट. खरी गाठ इथं बसते. पहिल्यांदा दुखलं, बाई बोलली नाही. दुसऱ्यांदा दुखणार हे तिच्या अंगाला आधीच ठाऊक असतं, म्हणून योनीभोवतीचे स्नायू आधीच आवळून धरतात. डोळ्यापुढं बोट आलं की पापणी मिटते ना, तसं. ती मुद्दाम करत नाही आणि मनात आणून सोडूही शकत नाही. स्नायू आवळलेले, आत कोरडं, म्हणून दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा जास्त दुखतं. तिसऱ्यांदा तर नुसता कमरेवर हात पडला तरी अंग आखडतं, कारण हात पडला म्हणजे पुढं काय होणार हे अंग शिकलेलं असतं. तुम्ही दोन-तीनदा म्हणालात. एवढं शिकायला दोन-तीनदा पुरतं.

मागच्या काही वर्षांतलं एक जोडपं सांगते. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पहिलं बाळ सात महिन्यांचं, साधी जचकी. सासूसोबत आली, तक्रार "पांढरं पाणी जाते". माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांची तक्रार पांढरं पाणीच असते, कारण सासूपुढं सांगता येईल अशी ती एकच तक्रार आहे. मी सासूबाईंना म्हटलं, बाळाचं वजन करून आणा, सिस्टर सांगतील कुठं. दार लागल्यावर विचारलं, "संबंधाच्या वेळी दुखते काय?" ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, मले वाटलं सगळ्यायलेच दुखते." मग थोड्या वेळानं, "ते काही म्हणत नाही, पण आता ते वावरातच झोपाले जातात."

तपासलं. पाणी जात होतं ते नेहमीचंच, संसर्ग नव्हता. अस्तर फिकट आणि कोरडं होतं. टाक्यांच्या वणाच्या खालच्या टोकाला कापसाच्या काडीनं स्पर्श केला तर तिनं मांड्या आवळल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6, म्हणजे 12 असायला हवं तिथं हे एवढं. लोहाच्या गोळ्या जचकीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. तिनं महिनाभर घेतल्या, शौचाला काळी होते म्हणून सोडल्या. एवढं रक्त कमी असलेली बाई दिवसभर कापूस वेचून, स्वयंपाक करून, रात्री दोनदा बाळाला पाजून पाठ टेकते तेव्हा तिला झोपेशिवाय काही सुचणार कसं?

मी तिला चार गोष्टी दिल्या. लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं अगदी सौम्य मलम दिलं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं रात्री आत लावायचं, दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा. हे मलम मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणायचं नाही. छातीत गाठ, रक्ताच्या गुठळ्या, कारण न कळलेला रक्तस्राव असं काही आहे का ते विचारून आणि तपासूनच ते देतात. पण त्या मात्रेत दूध पाजणाऱ्या बाईलाही देता येतं. तिसरं, वणाला रोज दोन मिनिटं स्वच्छ बोटानं, थोडं खोबरेल लावून, हळूहळू दाबायला शिकवलं. जखम पूर्ण भरलेली असेल तरच हे करायचं. आणि चौथं, नवऱ्याला पाठवून दे म्हटलं.

तो आला दहा दिवसांनी, खतं घ्यायला तालुक्याला आला होता तेव्हा. दारातच उभा राहिला. मी त्याला सांगितलं, सहा आठवडे संबंध पूर्ण बंद. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मॅडम, तसाही बंदच आहे." मी म्हटलं, आता बंद आहे तो तिच्या नकारानं बंद आहे. रोज रात्री तिला मनात धाकधूक असते की आज नाही म्हणावं लागेल. तुम्ही स्वतः तोंडानं सांगा की डॉक्टरनं मनाई केली, दीड महिना काही नाही. मग तुमचा हात पाठीवर पडला तर तो फक्त हात असेल, त्याच्या पुढं काही नसेल.

या मनाईवर माझा औषधापेक्षा जास्त भरवसा आहे. कोरडेपणा मलमानं दोन-चार आठवड्यांत सुधारतो, पण आखडायला शिकलेलं अंग मलमानं सैल होत नाही. हात पडला आणि दुखलं नाही, पुन्हा पडला, पुन्हा दुखलं नाही, असं बऱ्याचदा घडावं लागतं. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त पाठ, डोकं, पाय. दिवसभर वाकून काम केलेल्या बाईच्या पोटऱ्या दाबून दिल्या तर ती आधी लाजते, मग झोपी जाते. झोपू द्यायचं. ती झोपली म्हणजे तिचं अंग सैल पडलं, पहिलं काम झालं. पुढचे दोन आठवडे जवळ झोपणं, कवटाळणं. छातीला हात लावायचा की नाही हे तिला विचारायचं. पाजणाऱ्या बाईला जवळीक झाली की कधी कधी आपोआप दूध उतरतं, कपडे ओले होतात, आणि तिला कसनुसं वाटतं. शिवाय दिवसभर एक जीव तिच्या छातीला लटकलेला असतो, संध्याकाळपर्यंत तिला तिथं कोणाचाच हात नको होतो. तो नकार तुम्हाला नसतो. शेवटचे दोन आठवडे तिला वाटलं तर बाहेरून स्पर्श, तिच्या हातात तिनं तुमचा हात धरून.

त्या जोडप्याचं तिसऱ्या आठवड्यात बिघडलं. छान चाललं होतं, एका रात्री तीही हसत होती, त्याला वाटलं आता ठीक आहे. ती नाही म्हणाली नाही. दुखलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ. तो माझ्याकडं येऊन म्हणाला, "ती हो म्हणाली होती ना." मी विचारलं, श्वास कसा होता तिचा? त्याला आठवेना. भाऊ, हे तुम्हीही लक्षात ठेवा. बाई "चालते" म्हणाली आणि तिनं श्वास रोखून धरला, मांड्या कडक झाल्या, पायाची बोटं मुडपली, बोलता-बोलता गप्प झाली, तर अंग नाही म्हणतंय. तिथंच थांबायचं, आणि थांबल्यावर उसासा टाकायचा नाही. थांबल्यावर तुम्ही कसे वागता यावर पुढची सगळी रात्र आणि पुढचे चार आठवडे ठरतात. त्या दोघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एकूण अडीच महिने लागले. सगळ्यांना एवढाच वेळ लागतो असं नाही, काहींना महिन्यात फरक पडतो, काहींना बाळ वरचं खायला लागून पाजणं कमी होईपर्यंत, पाळी परत येईपर्यंत थांबावं लागतं. तुम्ही विचारलंत असंच राहणार का. निव्वळ कोरडेपणाच असेल तर तो पाजणं कमी झालं की बहुतेक आपोआप जातो. आखडणं मात्र आपोआप गेलेलं मी फार कमी पाहिलं.

परत संबंधाची वेळ येते तेव्हा वंगण हवंच. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मागा, 'लुब्रिकंट जेली' म्हटलं की देतात. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. घरचं खोबरेल तेलही चालतं, पण निरोध वापरत असाल तर तेल अजिबात नको, तेलानं त्याचं रबर कमजोर होतं आणि ते फाटतं. आणखी एक सावधगिरी: दवाखान्यात नळी घालायला जी बधीर करणारी जेली वापरतात, ती कोणी आणून देतं. ती लावू नका. दुखणं कळलंच नाही तर खरचटल्याचंही कळणार नाही. तुरटीच्या पाण्यानं किंवा डेटॉलनं आतून धुणं हे आपल्याकडच्या बायका स्वच्छतेच्या नावाखाली करतात, त्यानं कोरडेपणा दुप्पट होतो, तेही बंद. आणि खोली किती, वेग किती हे तिच्या हातात राहील अशा रीतीनं, म्हणजे ती वर किंवा दोघं कुशीवर. वजन तिच्यावर नको.

आता मुलं राहण्याच्या भीतीबद्दल. तुमचं दुसरं बाळ आहे, ऑपरेशनबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणजे झालेलं नसावं. बाई तोंडानं म्हणत नाही, पण "पुन्हा राहिलं तर" हा विचार तिच्या डोक्यात हात पडायच्या आधी येतो. पाजत असताना दिवस जात नाहीत हा समज अर्धाच खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पितं, या तिन्ही अटी पुऱ्या असतील तोवर तो भरवशाचा. तुमचं बाळ आठ महिन्यांचं, वरचं खात असेल. आता पाळी यायच्या आधीच अंडं सुटू शकतं, म्हणजे पाळी न येताही दिवस राहू शकतात. तिला हे कुठंतरी जाणवत असतं, कारण प्रत्येक गावात पाळी न येता राहिलेली एखादी जाऊ-नणंद असतेच.

प्राथमिक आरोग्य केंद्रात यावर फुकट मिळणाऱ्या गोष्टी आहेत. तांबी बसवता येते. 'छाया' गोळी दूध पाजताना चालते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, तेही चालतं, पण जिला आधीच कोरडेपणाचा त्रास आहे तिला मी ते पहिल्या पसंतीनं देत नाही, काहींचा कोरडेपणा त्यानं वाढतो. दोन मुलं पुरेत असं दोघांचं ठरलं असेल, तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी हा सगळ्यात सोपा उपाय आहे. पंधरा-वीस मिनिटांचं काम, दोन दिवस आराम, आठवडाभर पोती उचलायची नाहीत. पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. "पुरुषाची ताकद जाते, मग वावरात काम होत नाही" असं जे पारावर सांगतात ते खोटं आहे. नस बांधली जाते ती बीज नेणारी, ताकदीचं संप्रेरक रक्तातून जातं, त्याला कोणी हात लावत नाही. मी हे विकायला बसलेले नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण एका नवऱ्यानं स्वतः नसबंदी केल्यावर त्याची बायको मला म्हणाली होती, "आता मले रात्रीचं भेव नाही लागत." त्या घरात औषध फारसं लागलंच नाही.

घराची रचना मी विसरले नाही. एक खोली, एक ओसरी, टिनाचं छप्पर, सासू बाळंतिणीच्या बाजूला, मोठं पोर मधे. बाळ रात्री उठेल म्हणून बाई अर्धा कान उघडा ठेवून झोपते. अशात घाईघाईनं, आवाज न करता जे होतं त्यात अंग ओलं व्हायला वेळच मिळत नाही. कोरड्या अंगाला पाच मिनिटं पुरत नाहीत, त्याला वीस-पंचवीस लागतात. यावर माझ्याकडं जादू नाही. ज्यांनी वाट काढली त्यांनी ती दुपारी काढली, आई शेजारी बसायला गेली तेव्हा. काहींनी मोठ्या पोराला आजीजवळ झोपायची सवय लावली. आणि तुम्ही रोही-डुकरांच्या जागलीला वावरात झोपत असाल तर त्यातल्या काही रात्री भावाशी वाटून घ्या. रागानं वावरात झोपायला गेलेला नवरा आणि जागलीला गेलेला नवरा यातला फरक बायकोला घरी पडल्या-पडल्या कळत नाही.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही पण तुमचं अडलं तिथंच आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा ती "काही नाही" म्हणाली. रात्री, अंथरुणात, नकारानंतर विचारलं असेल तर त्याला दुसरं उत्तर येतच नाही, कारण त्या वेळचा प्रश्न तिला तक्रारीसारखा ऐकू येतो. दिवसा विचारा, हातात काम असताना. गाडीवर मागं बसलेली असताना विचारलं तर आणखी चांगलं, एकमेकांचं तोंड दिसत नाही. आणि "काहून नाही?" असं विचारू नका, "दुखते काय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना तिला स्वतःला गुन्हेगार ठरवावं लागतं, दुसऱ्याला नुसती मान हलवली तरी चालते. "मले वाटते तुले दुखत असन. मी वाचलं, पाजणाऱ्या बाईले दुखते म्हणून. तू बरी होईस्तोवर मी काही करत नाही," एवढं म्हणा आणि विषय सोडा. उत्तर त्याच दिवशी मागू नका. बहुतेक बायका दोन-तीन दिवसांनी भाकरी थापता-थापता उत्तर देतात.

ती म्हणाली दुखत नाही, तर माझा संशय चुकला असं समजा आणि दुसरीकडं बघा. बाळाबद्दलही तिला काही वाटेनासं झालंय का, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही का, विनाकारण रडते का, जेवण सुटलंय का? दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर ते जचकीनंतरचं नैराश्य असू शकतं, आणि ते बाळ वर्षाचं होईपर्यंत कधीही येतं. 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. ती मरणाचं किंवा बाळाला काही करण्याचं बोलली, तर नंबरवर थांबू नका, एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. थायरॉईडही जचकीनंतर बिघडतं, ते रक्ताच्या एका तपासणीत कळतं. घाण वासाचं पाणी, ताप, संबंधानंतर रक्त, खोकलं की लघवी निसटणं, किंवा खाली अंग आल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर तेही तपासूनच कळेल. अंग बाहेर येत असेल तर जड पाण्याच्या गुंड्या उचलणं आजपासून बंद करा.

एक गोष्ट विचारावी लागते म्हणून विचारते: घरात दारू आहे का? दारूच्या वासानं आखडणाऱ्या बायका मी कमी पाहिल्या नाहीत, तिथं वर लिहिलेलं काहीच चालत नाही. तुम्ही घेत नसाल तर ही ओळ सोडून द्या.

हे वाचणाऱ्यांत ज्यांच्या लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झाली तेही असतील. पाळी जाऊ लागलेल्या किंवा पिशवीसोबत अंडाशयंही काढलेल्या बायकांमध्ये हाच कोरडेपणा येतो, आणि तो पाजणाऱ्या बाईसारखा आपोआप जात नाही. जेली, मलम आणि सावकाशपणा हे उपाय त्यांनाही तेच, फक्त कायम चालू ठेवावे लागतात. आणि त्या वयात नवऱ्याची साखर तपासून घ्या, कारण साखर वाढली की पुरुषाची ताठरताही कमी होते आणि बोल मात्र बायकोला लागतो. दूर झोपणारी बाई म्हणून बायकोला नावं ठेवणाऱ्या दोन जणांचा मधुमेह मी अशाच चौकशीत पकडला आहे.

तिला दवाखान्यात न्यायचं कसं, हा शेवटचा प्रश्न राहतो, कारण "काहून चाललीस?" असं घरात कोणीतरी विचारणारच. तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात नऊ पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस असते. ती गावातल्या अंगणवाडीतही देतात, पण त्या दिवशी बाळाला तिथं न नेता आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या, जिथं बाई डॉक्टर बसतात तो वार आशाताईकडून आधी विचारून घ्या. सोबत फक्त तुम्ही दोघं आणि बाळ जा. लस टोचली की अर्धा तास तिथं थांबायलाच सांगतात. त्या अर्ध्या तासात बाळ तुम्ही घ्या, आणि तिला आत जाऊ द्या.